जाहिरातींतील कौशल्ये मोजताना

‘मी डेटा अ‍ॅनालिस्ट आहे आणि पुढच्या वर्षी परदेशी जाण्याचा विचार आहे. तिकडे कोणती कौशल्ये सर्वांत जास्त मागतात, हे जाहिरातींवरून कसे ठरवावे?’

परदेशी येण्यापूर्वी मी हेच काम नोकरीच्या 120 जाहिरातींवर केले होते आणि माझी पहिली मोजणी साफ चुकली होती, म्हणून त्या चुकीपासूनच सांगतो. प्रत्येक जाहिरातीचा पूर्ण मजकूर मी स्वतंत्र फाइलमध्ये ठेवला आणि त्यांत `excel` ही अक्षरे शोधली, तेव्हा तब्बल 88 जाहिराती निघाल्या. त्या उघडून पाहिल्यावर लक्षात आले की अनेक ठिकाणी संवादकौशल्य ‘उत्तम’ हवे, एवढेच लिहिले होते. `excellent` या शब्दाच्या पोटातली पाच अक्षरे मी कौशल्य म्हणून मोजत होतो. त्यानंतर पूर्ण शब्द आणि मोठे आद्याक्षर पाहणारी ही आज्ञा वापरली:

```
grep -lw "Excel" *.txt | wc -l
```

यातील `-w` पूर्ण शब्दच धरतो, तर `-l` मुळे एखाद्या जाहिरातीत तो शब्द पाच वेळा आला तरी ती एकदाच मोजली जाते. आपल्याला शब्द किती वेळा आला हे नव्हे, तर किती नोकऱ्यांसाठी ते कौशल्य मागितले आहे हे हवे असल्याने हे फार महत्त्वाचे आहे. उलट बाजूने `Power BI` आणि `PowerBI` अशी एकाच साधनाची दोन रूपे आढळतात. ती एकत्र धरली नाहीत, तर मागणी प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते.

मोजणीआधी दुबार जाहिराती मात्र काढाव्याच लागतात, कारण एकाच जागेसाठी दोन-तीन भरती संस्था कंपनीचे नाव न देता जाहिरात टाकतात. मी जबाबदाऱ्यांचा परिच्छेद ताडून पाहिला, तेव्हा 120 पैकी 97 जागाच खऱ्या उरल्या.

पुढे प्रत्येक कौशल्य ‘आवश्यक’ या भागात आहे की ‘असल्यास प्राधान्य’ या भागात, याची वेगळी नोंद ठेवा. माझ्या यादीत एसक्यूएल बहुतेक ठिकाणी आवश्यक होते; पायथन जवळपास तितक्याच जाहिरातींत असूनही निम्म्याहून अधिक वेळा केवळ प्राधान्यापुरते होते. एकत्रित आकडा पाहून मी पायथनवरच सहा महिने घालवले असते. हा फरक दिसल्यामुळे आधी एसक्यूएल पक्के केले.

शेवटी पंधरा जाहिराती स्वतः वाचून, कौशल्ये हाताने अधोरेखित करून यादीशी ताडून पाहा. यादीतून सुटलेले शब्द तिथेच सापडतात. वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवा: जे गृहीत धरलेले असते, ते जाहिरातीत लिहिलेले नसते. स्थानिक भाषेत लिहिलेल्या जाहिरातीत ती भाषा येण्याची अट अनेकदा शब्दांत नसते, पण मुलाखत त्याच भाषेत होऊ शकते. म्हणून जाहिरात कोणत्या भाषेत आहे, याचाही एक रकाना तक्त्यात ठेवा.