बारशाची साखळी परत करताना

प्रिय पोरी,

बाळाच्या बारशाला आलेल्या सोन्याच्या साखळीचं काय करू, असं तू विचारलंस. परत कर. झबलं-टोपडं, शे-दोनशेचं पाकीट हा आहेर गावात चालतोच, त्याला कोणी नावं ठेवत नाही. पण ज्या भाऊंनी साखळी दिली त्यांची कपाशी तुझ्याच गावात आहे. उद्या अतिवृष्टी झाली की त्यांच्या बांधावर पंचनाम्याला तलाठी आणि ग्रामसेवकासोबत कृषी खात्याची कर्मचारी म्हणून तुलाच उभं राहायचं आहे. भाऊंच्या मनात तसं काही नसेलही. शेजारच्या शेतकऱ्याच्या मनात मात्र येणारच.

उशीर करू नकोस, दोन-चार दिवसांत जा. साखळी बाळाच्या गळ्यात घालू नकोस, फोटो काढू नकोस, डबी आहे तशी राहू दे. शिपायाच्या किंवा नवऱ्याच्या हाती पाठवू नकोस. तसं केलं तर तोंडावर फेकल्यासारखं वाटतं. ग्रामपंचायतीत किंवा पानठेल्यावर विषयही काढू नकोस. संध्याकाळी घरी जा, वहिनी घरात असतील अशा वेळी. रिकाम्या हातानं जाऊ नकोस, घरची तुरीची डाळ ने. चहा घे, बाळाचं सांग, मग डबी काढ.

त्यांनी पेढे आणि झबलंही दिलं होतं ना? ते ठेव आणि तसं बोलून दाखव: "भाऊ, झबलं बाळाला घातलं, छान बसलं. ते आमचंच. साखळी मात्र माझ्या नोकरीत घेता येत नाही. तुमच्यावर शंका नाही, पण उद्या तुमच्या शेताचा कागद माझ्या सहीनं जाईल, तेव्हा कोणी तुमच्याकडे बोट दाखवू नये." कारण नोकरीचं सांग, कारण ते खरं आहे. "सासूबाईंना आवडलं नाही" असली थाप मारू नकोस; वहिनी आणि सासूबाई बाजारात भेटतातच.

भाऊ म्हणतील, "मॅडम, लेकराले देल्लं, तुमाले थोडीच देल्लं?" इथंच बहुतेक जण गप्प होतात. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ कर्मचाऱ्यासोबत त्याच्या कुटुंबीयांनी घेतलेली भेटही धरतात. नियमाचा आकडा तोंडावर फेकू नकोस, एवढंच म्हण, "बाळाचंही माझ्याच नावावर धरतात, भाऊ." "बघू नंतर" म्हणालीस की साखळी तुझ्याकडेच राहिली समज.

तरीही घेतली नाही तर डबी वहिनींच्या हातात दे आणि पाया पडून नीघ. वहिनीही हात मागे घेतील तर भांडू नकोस. दुसऱ्या दिवशी साहेबांना लेखी कळव, डबी त्यांच्याकडे दे आणि पोच घे.

परत झाली तर घरी येऊन आहेराच्या वहीत त्या नावापुढे "साखळी परत" आणि तारीख लिही. रात्री भाऊंना व्हॉट्सॲपवर दोन ओळी टाक: "भाऊ, साखळी परत घेतलीत, बरं वाटलं. झबल्यासाठी वहिनींना नमस्कार." राग आला असेल तर त्यानं निवतो आणि लेखी खूणही राहते. त्यांच्या पोरीच्या लग्नाला मात्र नक्की जा, आणि सगळे करतात तेवढाच आहेर कर.

तुझा,
काका