आज, आजी आणि अज्ज

प्रश्न: आजी जाऊन दोन वर्षं झाली. येत्या वाढदिवसाला तिच्यावर पोस्ट लिहायची आहे. प्रोफाइल सार्वजनिक आहे, ऑफिसमधले लोकही वाचतात. 'जयंती' लिहू की 'वाढदिवस'? आणि 'आजी होती' चालेल की 'आजी होत्या' लिहावं? फार घरगुती नको, पण परकंही वाटायला नको.

उत्तर: 'जन्मदिवस' लिहा आणि 'आजी होती' लिहा.

'स्वर्गीय आजीला वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा' हे वाक्य हल्ली इतक्यांदा वाचावं लागतं की त्रास होतो. वाढदिवस म्हणजे वय एका वर्षाने वाढल्याचा दिवस, आणि शुभेच्छा पुढच्या आयुष्यासाठी असतात. गेलेल्या माणसाच्या बाबतीत दोन्ही शब्द लटके पडतात. 'जन्मदिवस' मात्र कायम राहतो, कारण जन्म झाला ही गोष्ट कुणाच्या जाण्याने पुसली जात नाही. 'स्वर्गीय'ही काढाच. मराठीत आपण सुरांना आणि सौंदर्याला स्वर्गीय म्हणतो, त्यामुळे 'स्वर्गीय आजी' वाचताना अर्थ क्षणभर भलतीकडे जातो. 'कै.' चालेल, पण ते नावाआधी. 'कै. आजी' असं कुणी म्हणत नाही.

'जयंती थोरामोठ्यांचीच असते, सामान्य माणसाची नाही,' असं ठासून सांगणारे भाषाशुद्धीवाले भेटतील. त्यांचं मला पटत नाही. कृष्णजन्माच्या अष्टमीला रोहिणी नक्षत्राचा योग आला, तर त्या योगाला धर्मशास्त्राचे ग्रंथ 'जयंती' म्हणतात. मूळ अर्थाचाच हट्ट धरायचा तर एकाही नेत्याची जयंती करता येणार नाही. अर्थ रुंदावत इथवर आला, तो एखाद्या आजीपाशी येऊनच का थांबावा? तरी मी तुम्हाला तो सुचवत नाही, आणि कारण वेगळं आहे. 'जयंतीनिमित्त विनम्र अभिवादन' ही ओळ फलकांवर इतकी वापरली गेली आहे की तिच्यात नातवंडाचा आवाज उरत नाही.

आता 'होती' की 'होत्या'. ज्या शब्दाने तुम्ही तिला हाक मारत होता, त्या शब्दातच याचं उत्तर आहे.

'आजी' आली संस्कृत 'आर्या'च्या घराण्यातून. संस्कृतमधल्या 'र्य'चा प्राकृतात 'ज्ज' होतो आणि मराठीत त्यातला एक ज गळून आधीचा स्वर लांबतो. 'कार्य'चं 'कज्ज' झालं आणि मग 'काज'. तसंच 'आर्या'चं 'अज्जा' आणि पुढे 'आजी'. संस्कृत नाटकांतल्या स्त्रिया प्राकृत बोलतात आणि नवऱ्याला 'अज्जउत्त' म्हणतात. ते 'आर्यपुत्र'च. पालीत आजोबा 'अय्यक' आणि आजी 'अय्यिका'. म्हणजे नात्याचा हा शब्द मुळात आदराचं संबोधन आहे.

आणि मला सगळ्यात जास्त आनंद देणारी गोष्ट इथेच आहे. संस्कृत 'आर्य'चं प्राकृतात 'अज्ज' होतं, आणि 'अद्य', म्हणजे 'आज', याचंही 'अज्ज'च होतं. मुळं अगदी वेगळी, पण प्राकृतात दोन्ही शब्द एका रूपाला येऊन मिळाले आणि मराठीत पुन्हा वेगळे झाले. तुमच्या पोस्टची पहिली ओळ म्हणूनच 'आज आजीचा जन्मदिवस' अशी असावी. तिचा नाद आपोआप जमतो, त्यासाठी यमक शोधावं लागत नाही. शिवाय त्या ओळीला क्रियापद लागत नाही, त्यामुळे 'आहे' की 'होता' ही अडचणही उरत नाही.

आजी हा शब्द कन्नडच्या 'अज्जी'वरून आला, असं काही जण छातीठोकपणे सांगतात. ते त्यांनी सोडून द्यावं. आजा-आजी भोजपुरी आणि अवधीतही आहेत, ओडियातही 'अजा' आहे. तिथे कन्नड कुठून पोचली? उलट प्राकृतातून कन्नडमध्ये शब्द गेला, हे मला जास्त सरळ वाटतं. दुसरे काही जण त्यातला 'जी' हिंदीतला आदरार्थी 'जी' मानतात. मग 'आजा'तला 'जा' कोणता? आदराचा 'जी' लिंगानुसार बदलत नाही.

'आजोळ'बद्दलही माझं ठाम मत आहे. 'देवकुल'चं देऊळ झालं, 'राजकुल'चं राऊळ झालं, त्याच वाटेने 'आर्यककुल'चं आजोळ. शेवटचा तो 'ळ' तिन्ही ठिकाणी कुळाचाच आहे.

तेव्हा 'आजी'त आदर आधीच भरलेला आहे, 'होत्या' लावून तो वाढत नाही. घरात जिला 'अगं आजी' म्हणत होतात, तिच्याबद्दल 'माझ्या आजी फार प्रेमळ होत्या' लिहिलंत तर वाचणाऱ्याला ती शेजारच्या कुणाची आजी वाटेल. सार्वजनिकपणाची सोय दुसरीकडे करा. एकदाच, पहिल्या दोन ओळींत, तिचा परिचय द्या आणि मग शेवटपर्यंत एकवचनात राहा. 'तू आम्हाला सोडून गेलीस' अशी द्वितीय पुरुषातली हाक टाळा. ती खाजगी असते आणि ऑफिसमधल्या वाचकाला चोरून ऐकल्यासारखं वाटतं.

काळही जपून निवडा. 'आजी म्हणाली' हा एकदाचा प्रसंग झाला, 'आजी म्हणायची' ही सवय झाली. आठवण सवयींत जास्त असते, म्हणून '-यची' रूपं बहुतेक ठिकाणी बरोबर बसतात. वय सांगायचं तर 'आज ती नव्वद वर्षांची झाली असती' असंच. नुसतं 'झाली' नको.

समजा, मजकूर असा आला आहे: 'माझी आजी म्हणजे मायेचा सागर, वात्सल्याची मूर्ती, आमच्या घराचा आधारवड. आजी, तुझी उणीव कायम भासेल. भावपूर्ण श्रद्धांजली.' यात आजी कुठेच नाही, हे कुणाच्याही आजीला लागू पडेल. शिवाय 'भावपूर्ण श्रद्धांजली' निधनाच्या बातमीखालची ओळ आहे, जन्मदिवसाला ती बसत नाही. तोच मजकूर असा करता येईल:

'आज आजीचा जन्मदिवस. ती आज नव्वद वर्षांची झाली असती. वर्तमानपत्र वाचून झालं की ती त्याच्या कोऱ्या समासात घरखर्चाची बेरीज मांडायची आणि चूक सापडली की आधी पेन्सिलीला दोष द्यायची. आकड्यांची भीती मला कधी वाटली नाही, ती तिच्यामुळे. तिला माझा नमस्कार.'

समास आणि पेन्सिल फक्त तिची आहेत, पण त्यात घरातलं गुपित एकही नाही. तिचं आजारपण, शेवटचे दिवस, घरातले वाद यांतलं काही न आणताही ती दिसते. असा एकच तपशील घ्या. तीन घेतलेत तर यादी होईल.

एक सावधगिरी शब्दाच्या बाजूनेच सुचते. ही आजी आजोळची असेल, तर तिचं सासरचं आडनाव हेच साधारणपणे तुमच्या आईचं माहेरचं आडनाव असतं, आणि खात्यांच्या सुरक्षाप्रश्नांत नेमकं तेच विचारलं जातं. पोस्ट सर्वांना दिसणार असेल तर तिचं पूर्ण नाव आणि पूर्ण जन्मतारीख शेजारी शेजारी लिहू नका. 'आजी' एवढं पुरतं. 'कै.'चा प्रश्नही मग उरत नाही.