फोटोवाल्याचं प्लॅटिनम पॅकेज घेऊ का गोल्ड?

"सर, मी औसा तालुक्यातला. मुलीचं लग्न मे मधी आहे, लातूरला. फोटोवाल्यानं कोटेशन दिलंय, गोल्ड ९५ हजार, प्लॅटिनम १ लाख ६० हजार. प्लॅटिनममधी प्री-वेडिंग, ड्रोन, एलईडी वॉल न दोन अल्बम येतेत. निम्मा ॲडव्हान्स आत्ताच मागतोय, तो परत मिळणार नाही म्हणतो. सोयाबीनचे १ लाख ४० हजार हातात हायेत. बाकी खर्चाला मे मधी पॉलिसीचे साडेतीन लाख येतेत, बँकेतल्या साहेबानं एफडीसारखंच आहे म्हणून २०२३ च्या जूनमधी काढून दिली होती, वर्षाला १ लाख, तीन हप्ते भरलेत. लेक प्लॅटिनमच म्हणतीय. काय करावं?"

भाऊ, पॅकेजचं नंतर बघू, आधी ते साडेतीन लाख कुठून येणारेत ते सांगा. मला नाही वाटत येतील. पॉलिसीच्या पहिल्या पानावर मुदत बघा, १५ किंवा २० वर्षं लिहिलेली असेल, आणि हप्ते भरायची मुदत तिच्या शेजारीच असते. ही एफडी नाही, विम्याची हप्तेवाली पॉलिसी आहे आणि ती मे मध्ये मोडली तर तिसरं वर्ष चालू असेल, म्हणजे हमी फक्त भरलेल्या हप्त्यांच्या ३५ टक्क्यांची. ३ लाखाचे साधारण १ लाख ५ हजार. कंपनी वर थोडंफार देईल पण साडेतीन लाखाच्या जवळपाससुद्धा ते जात नाही. अडीच लाखाचा खड्डा आहे हा, आणि तुम्ही तो दिसायच्या आधीच मंगल कार्यालय, आचारी, सगळं त्याच्या भरवशावर ठरवून बसलाय. एफडी म्हणून विमा गळ्यात मारणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, कारण हिशोब चुकतो तो नेमका लग्नाच्या तोंडावर कळतो.

आता फोटोवाल्याच्या कोटेशनकडे याच नजरेनं बघा. प्लॅटिनमचा ॲडव्हान्स ८० हजार, म्हणजे सोयाबीनच्या पैशातले निम्म्याहून जास्त आज गेले. त्यात कॅन्सलेशनची अट नीट वाचा, बहुतेक ठिकाणी ॲडव्हान्स तर जातोच पण तारखेच्या महिनाभर आत रद्द केलं तर उरलेली रक्कमही मागतात. पॉलिसीचे पैसे आले नाहीत हे तुम्हाला नेमकं तेव्हाच कळणार! मग मागे फिरायचे पैसे आणि पुढे जायचेही पैसे.

फोटोवाला लबाड आहे असं माझं म्हणणं नाही, मे मधल्या तिथीला त्यानं तुमच्यासाठी दुसरं लग्न सोडलेलं असतं, त्याचंही नुकसान होतं. पण ॲडव्हान्स निम्माच पाहिजे असं कुठं लिहिलेलं नाही. २५ हजार टोकन द्या, लग्नाच्या पंधरा दिवस आधी ३० आणि उरलेले ४० अल्बम हातात आल्यावर. शेवटचा तुकडा मोठा ठेवा, नाहीतर दिवाळी येते तरी अल्बम येत नाही. आणि कागदावर दोन ओळी वाढवून घ्या, घरात सुतक आलं आणि तारीख पुढे ढकलली तर तोच ॲडव्हान्स नव्या तारखेला धरायचा, आणि आम्ही सोडलेल्या तारखेला त्याला दुसरं बुकिंग मिळालं तर आमचा ॲडव्हान्स परत.

गोल्डच घ्या. ड्रोन पाहिजेच असेल तर सुटा मागा, १०-१२ हजारात होतो, पण आधी नवरदेवाकडचा फोटोवाला येतोय का विचारा, एकाच मांडवात दोन ड्रोन कशाला? अल्बमला किती शीट धरल्यात आणि जादा शीटचा दर काय तेही आत्ताच लिहून घ्या, फोटो निवडताना कुणाचाच हात आवरत नाही आणि ६०० रुपयाच्या २० शीट वाढल्या की १२ हजार झाले. जीएसटी वेगळा आहे का तेही बघा, १८ टक्क्यानं ९५ चे १ लाख १२ हजार होतात. लेकीला प्री-वेडिंगची हौस असेल तर ते मी तोडणार नाही, पण ते पैसे हातात असलेल्या रकमेतून, पॉलिसीच्या आशेवर नाही.

पॉलिसीचं असं करा. सोमवारी बँकेतल्या साहेबाला भेटू नका, विमा कंपनीच्या ऑफिसला लेखी अर्ज द्या आणि तीन आकडे लेखीच मागा: आज मोडली तर किती, हप्ते थांबवून तशीच ठेवली तर मुदतीला किती, आणि तिच्यावर कर्ज किती मिळतं. जूनचा चौथा हप्ता हे आकडे बघितल्याशिवाय भरू नका. एफडी सांगून विकली याची तक्रार पण त्याच कंपनीकडे लेखी द्या, महिनाभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं, तिथं फी लागत नाही न वकील पण लागत नाही. ते पैसे लग्नाआधी येतील असं मात्र धरू नका.

मंगल कार्यालय आणि आचाऱ्याला अजून पूर्ण पैसे दिले नसतील तर पानं किती धरलीत ते एकदा बघून घ्या. विमा कंपनीचा आकडा हातात आल्यावरच फोटोवाल्याला फोन करा.