पोरगी नको, फक्त हुंडा जोयजे

प्रश्न: कॉमेडी शोमधले लिहिलेले विनोद ऐकून मला फारसं हसू येत नाही, पण शेवटी ते चुकलेले सीन दाखवतात तेव्हा पोट दुखेपर्यंत हसतो. नाटकात कुणी वाक्य विसरलं तरी तसंच. असं का होत असेल?

तुम्ही चुकीला हसत नाही, असं माझं मत आहे. चूक झाल्यावर समोरचा माणूस हसू दाबायची जी धडपड करतो, तिला हसता. मी जळगावकडे अहिराणी कॉमेडी व्हिडिओंचं एडिटिंग करतो. त्यामुळे लिहिलेले विनोद आणि फसलेले टेक शेजारी शेजारी लावून बघणं हे माझं रोजचं काम. नुसती चूक कापून लावली तर ती बहुतेक वेळा थंडच पडते.

एक उदाहरण जरा सविस्तर सांगतो. मुलगी बघायच्या कार्यक्रमाचा सीन होता. ओट्यावर खाट टाकलेली, पाहुण्यांपुढे फोडणीचे पोहे. मुलाचा बाप झालेले गृहस्थ आमच्यातले सगळ्यात वयस्कर आणि सगळ्यात गंभीर नट. त्यांनी अडकित्त्याने सुपारी कातरत, मोठेपणाचा आव आणून म्हणायचं होतं, "आम्हले हुंडा नको, फक्त पोरगी जोयजे." हे वाक्य मुळात विनोदी नव्हतंच. विनोद त्याच्या पुढे लिहिलेला होता. हा बाप नंतर हळूच मोटारसायकलचा विषय काढतो, वगैरे.

टेक सुरू झाला आणि काका त्याच थाटात म्हणाले, "आम्हले पोरगी नको, फक्त हुंडा जोयजे."

त्यांना स्वतःला कळलंच नाही. सुपारी कातरणं चालूच. दोन-तीन सेकंद सगळे गप्प, कारण प्रत्येक जण बरोबर ऐकलं का याचा मनात हिशेब करत होता. मग मुलीच्या बापाचं काम करणाऱ्याच्या मिशीचं एक टोक थरथरायला लागलं. मिशी चिकटवलेली होती. तो तोंड घट्ट मिटून नाकाने जोरात श्वास सोडत होता, आणि त्या वाऱ्याने डिंक सुटून मिशी उचकटत होती. काकांनी ते पाहिलं, आणि तोवर आपण काय बोललो हे त्यांच्या डोक्यात शिरलं. अडकित्ता तसाच हातात धरून ते मान खाली घालून बसले. फक्त खांदे हलत होते.

त्या व्हिडिओत लोकांना मोटारसायकलचा लिहिलेला विनोद आठवत नाही, हे आठवतं.

आता गंमत पुढे आहे. आमच्या लेखकाला वाटलं की वाक्य भारीच आहे, वापरायला हवं. एका गावच्या जत्रेत हेच प्रहसन स्टेजवर केलं तेव्हा उलटं झालेलं वाक्य त्याने मुद्दाम संहितेत घातलं. माणूस तोच, वाक्य तेच, थाट तोच. लोक हसले, पण एकदाच, आणि थांबले. कारण आता तो पाठ केलेला विनोद होता आणि प्रेक्षकाला ते लगेच कळतं. ठरवून चुकणारा नट त्या शब्दाच्या आधी नकळत किंचित थांबतो, शब्दावर जोर देतो आणि मग हशासाठी जागा सोडतो. खरा चुकणारा यातलं काहीच करत नाही. तो घसरतो तेव्हाही सरळ चालल्याच्याच आत्मविश्वासात असतो.

काकांची चूक कोणत्या जातीची होती तेही बघण्यासारखं आहे. पोरगी आणि हुंडा, दोन्ही नामं. एकाच वाक्यातले दोन शब्द जागा बदलतात तेव्हा बहुतेक वेळा नामाच्या जागी नाम जातं, क्रियापदाच्या जागी क्रियापद. बोलताना होणाऱ्या चुका गोळा करून भाषावैज्ञानिकांनी ही गोष्ट १९७०च्या दशकातच नोंदवून ठेवली आहे. त्यामुळे वाक्य उलटं होऊनही व्याकरणाने ठणठणीत राहतं. आणि इथे तर त्या पात्राच्या मनातलंच बाहेर आलं! असं मुद्दाम लिहिलं तर आपण म्हणतो, लेखक टोमणा मारतोय. चुकून निघालं की टोमणा मारणारा कुणीच नसतो.

पण मूळ मुद्दा हसू दाबण्याचा. बोलताना आपण छातीतली हवा अगदी बेताने, हळूहळू सोडत असतो. हसताना तेच बरगड्यांमधले स्नायू जोरजोरात झटके देऊन हवा बाहेर ढकलतात. दोन्ही कामं एकाच वेळी नीट होत नाहीत. म्हणून हसू दाबून वाक्य पुरं करणाऱ्याचा आवाज अचानक वर चढतो, चिरकतो, मध्येच गायब होतो. हे नाटक करून आणता येत नाही असं नाही, पण फार थोड्यांना जमतं. लंडनमधल्या सोफी स्कॉट आणि अमेरिकेतले ग्रेग ब्रायंट यांच्यासारख्या संशोधकांनी खरं हसू आणि आणलेलं हसू लोकांना ऐकवून बघितलं. चेहरा न दिसताही, नुसत्या आवाजावरून, लोक बहुतेक वेळा फरक ओळखतात. खऱ्या हसण्याचा आवाज जास्त उंच जातो आणि श्वास कुठेही तुटतो. तेव्हा एखाद्या शोमधला परीक्षक खुर्चीवरून पडेस्तोवर हसतो आणि तरी तुम्ही कोरडे राहता, त्यात तुमचा दोष नाही.

दाबलेल्या हसण्याचा माझा सगळ्यात आवडता नमुना नाटकातला नाही, क्रिकेटमधला आहे. ऑगस्ट १९९१, ओव्हल, इंग्लंड विरुद्ध वेस्ट इंडीज. अँब्रोजच्या चेंडूवर इयन बॉथमचा तोल गेला, त्याने स्टंपवरून पाय पलीकडे टाकायचा प्रयत्न केला, पण मांडी लागून बेल पडली. हिट विकेट. संध्याकाळी बीबीसी रेडिओवर ब्रायन जॉन्स्टन आणि जोनाथन अ‍ॅग्न्यू दिवसभराच्या खेळाचा आढावा घेत होते. बॉथमला पाय नीट पलीकडे टाकता आला नाही, असं अ‍ॅग्न्यू म्हणाला. इंग्रजीत त्या शब्दांचा एक चावट अर्थ होतो. कोटी म्हणाल तर कॉलेजच्या कट्ट्यावरची. पण जॉन्स्टन तेव्हा सत्तरीच्या पुढचे, रेडिओवर मुरलेले. ते ऐकलं न ऐकल्यासारखं करून धावफलक वाचत राहिले. पुढच्या फलंदाजाचं नाव, त्याने किती वेळ काढला, असं पुढे रेटत होते. मग आवाज पातळ होत गेला. थांब रे आता, असं त्यांनी अ‍ॅग्न्यूला विनवलं, आणि शेवटी नुसती शिट्टीसारखी किंकाळी उरली. कोटी न समजणारा माणूसही ते ध्वनिमुद्रण ऐकून हसतो, हे मी घरी वडिलांवर करून बघितलं आहे. त्यांना इंग्रजी येत नाही.

म्हणजे विनोद फार चांगला असायची गरजच नाही. अमेरिकेतल्या रॉबर्ट प्रोव्हाइन या मानसशास्त्रज्ञाने १९९०च्या दशकात वेगळीच वाट धरली. प्रयोगशाळेत विनोद ऐकवण्याऐवजी त्याने आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी मॉलमध्ये, रस्त्यावर हिंडून लोक नेमके कशाला हसतात ते टिपलं. अशा १२०० नोंदी जमवल्या. ज्या वाक्यानंतर हशा झाला, त्यांतली जेमतेम १० ते २० टक्के वाक्यं विनोदासारखी होती. बाकीची "बरं, येतो मग" छापाची. हसणं हे बरंचसं सोबतीचं काम आहे. संहितेतला विनोद नट तुम्हाला सांगतो आणि स्वतः हसत नाही, म्हणजे हसायचं काम एकट्या तुमच्याकडे. फसलेल्या टेकमध्ये तो स्वतःच तुमच्या बाजूला येऊन बसतो.

म्हणूनच मी असे तुकडे कापताना चुकीच्या आधीचे पाच-सहा सेकंद ठेवतोच. तो गंभीरपणा दिसला नाही तर मोडतं काय, तेच कळत नाही. 'टुंग' असा आवाज किंवा तयार हशा अजिबात टाकत नाही. आणि फ्रेममध्ये जो अजून हसलेला नाही त्याच्यावर थांबतो. सगळ्यात जास्त हसवणारा तुकडा पहिल्या चुकीचा नसतोच, दुसऱ्या-तिसऱ्या टेकचा असतो. काका पुन्हा "आम्हले..." म्हणतात, सेटवरच्या प्रत्येकाला पुढचा खड्डा माहीत असतो, बघणाऱ्यालाही माहीत असतो, आणि मुलीच्या बापाने आधीच पदराआड, म्हणजे उपरण्याआड तोंड घातलेलं असतं. तिथे चूक झालीच नाही तरी लोक हसतात. सगळे हसत सुटले की मात्र लगेच कापायचं. पडदाभर हसणारी तोंडं फार वेळ दाखवली की बघणारा पाहुण्यासारखा बाजूला पडतो.

याला मर्यादा आहेत. काकांच्या जागी नेहमीच वाक्यं विसरणारा नट असता तर आम्ही वैतागलो असतो, हसलो नसतो. एलियट अ‍ॅरन्सन या मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये असा प्रयोग केला होता. प्रश्नमंजूषेत जवळपास सगळी उत्तरं बरोबर देणाऱ्याने शेवटी अंगावर कॉफी सांडली, तर तो ऐकणाऱ्यांना आणखी आवडला. सुमार उत्तरं देणाऱ्याने तेच केलं, तर तो आणखी नावडता झाला. नाटकातही हेच. तालीम केलेल्या संचातला एखादा घसरला तर थिएटर डोक्यावर घेतं, पण तिसऱ्यांदा विंगेतून वाक्य सांगावं लागलं की मागच्या रांगेतून शिट्ट्या सुरू होतात, कारण तिकिटाला पैसे पडलेले असतात. कुणाला लागलं-खुपलं तरी हसू जागच्या जागी मरतं. शिवाय हेही लक्षात घ्या की चुकलेले सीन निवडून आलेले असतात. दिवसभराच्या शूटिंगमध्ये बहुतेक चुका निव्वळ कंटाळवाण्या असतात आणि त्या मी कुणाला दाखवत नाही. लिहिलेल्या विनोदांना अशी चाळणी क्वचितच लागते, म्हणून तुलना थोडी अन्यायाचीच.

हल्ली बरेच जण चुकलेले सीनसुद्धा लिहून घेतात. ओळखायचे कसे, तर हसणाऱ्याकडे बघू नका, शेजारच्याकडे बघा. खोट्या तुकड्यात सगळे एकाच क्षणी हसतात आणि कुणीतरी कॅमेऱ्याकडे बघतंच. खऱ्यात हसू एकेकाला लागत जातं, आणि एखादा बिचारा शेवटपर्यंत आपलं वाक्य बोलायचा प्रयत्न करत असतो. मुद्दाम बनवलेला प्रकार एकाच ठिकाणी मला चाललेला दिसला. पिक्सारने १९९८ च्या 'अ बग्ज लाइफ'च्या शेवटी संगणकावर काढलेल्या किड्यांचे फसलेले टेक दाखवले होते. चित्रातला किडा वाक्य विसरूच शकत नाही, हे प्रेक्षकालाही ठाऊक असतं. तिथे फसवाफसवी नसते, फसलेल्या टेकचीच नक्कल असते.