ठसका लागतो, मग वास का येत नाही?

"कोरोनातून उठून इतके महिने झाले, रिपोर्ट सगळे चांगले आहेत. पण कशाचाच वास यायला नाही. घरचे म्हणतात, मनाचं आहे. खरंच मनाचं असंल का?"

नाही. मन खचतं ते नंतर, आधी बिघडतं ते नाकात. परभणीत माझ्याकडे हीच तक्रार घेऊन इतक्या जणी आल्या, की त्यातल्या एकीचं सविस्तर सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

बाई चाळिशीतल्या, सेलूकडच्या. ऑक्सिजनवर राहून आलेल्या, पुढेही कित्येक महिने अंगात त्राण नव्हतं. नवऱ्याचं म्हणणं, "जेवायली नाही, नुसती चिडायलीय." त्या दिवसातून दोनतीनदा अंघोळ करत. आपल्या अंगाला घाण वास येत असेल आणि आपल्यालाच कळत नसेल, ही धास्ती. सोबत सासूबाई होत्या. त्यांचा मुद्दा बिनतोड वाटावा असा: "फोडणी टाकली की हिला ठसका लागतो, डोळ्यांत पाणी येतं. मग वास कसा येत नाही?"

माझा स्वभाव असा, की मनाचे पदर उलगडण्याआधी शरीराला विचारून घ्यावं. बाईंना डोळे मिटायला सांगितले आणि नाकाखाली कापूर धरला.

"काय आहे?"

"गार लागलं."

"वास?"

"वास नाही. नुसतं गार."

मग चहापत्तीचा डबा उघडून धरला. त्या वाट बघत राहिल्या, "धरलं का?" म्हणाल्या. डबा नाकापासून बोटभर अंतरावर होता. सासूबाईंनी तो स्वतः हुंगला आणि सुनेकडे बघतच राहिल्या.

मिरचीची आग, कापराचा गारवा चेहऱ्याची संवेदना नेणारी नस टिपते. वासाची नस वेगळी. विषाणूने दुसरीच्या टोकाशी इजा केली तरी पहिली शाबूत राहते. म्हणून ठसका लागतो, पण लसणाचा वास येत नाही. जिभेला गोड, खारट, आंबट, कडू कळतं; पण वरणाला वरणाची चव येते ती घास चावताना घशामागून नाकात चढणाऱ्या वासाने. 'सोंग करते' हा शब्द त्या घरातून त्या दिवशी गेला, आणि माझ्या मते निम्मं काम तिथेच झालं.

नाक-कान-घशाच्या डॉक्टरांना दाखवून झाल्यावर हुंगण्याचा सराव सुरू केला. जर्मनीतल्या डॉक्टरांनी 2009 मध्ये मांडलेली ही पद्धत: गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी हे 4 वास, रोज सकाळ-संध्याकाळ, निदान 12 आठवडे. प्रत्येक वास 15-20 सेकंद, हलके हलके हुंगायचा आणि तो पूर्वी कसा यायचा ते आठवायचं. निलगिरीऐवजी आम्ही घरातली विलायची घेतली. तिच्यातही निलगिरीतलं मुख्य द्रव्य असतंच. काचेच्या चार बाटल्या देवघराजवळ ठेवल्या.

बरेच आठवडे काही नाही. मग एक दिवस फोन आला, रडतच. "ताई, चहाला जळक्या रबराचा वास यायलाय. कांदा तर सहनच होईना. हे वाढलं हो!"

इथेच बहुतेक जणी सराव सोडतात. वासाच्या पेशी नव्याने उगवतात, पण त्यांची मेंदूशी जोडणी सुरुवातीला चुकते. म्हणून ओळखीचे वास विद्रूप होतात. शून्यापेक्षा हे बरं, बहुधा सुधारणेच्या वाटेवरचं. तेवढे दिवस तळलेला कांदा, लसूण टाळायला सांगितलं. दहीभात, कोमट भाकरी चाललं. गरम वाफेपेक्षा गार अन्न सोसतं.

पुढे त्यांनीच येऊन सांगितलं. पहाटे सगळ्यांचा चहा ठेवला होता. अद्रक ठेचून पाण्यात टाकली, पत्ती टाकली, दूध घालायचं होतं. "आणि ताई, आला. चहाचा. क्षणभरच. मी गॅस बंद केला आणि पातेल्यावर वाकून उभीच." रबर नव्हतं? "रबर मागून आलं. आधी चहा होता."

अद्रक झोंबते, म्हणून मला शंका होती. नुसता झोंबरेपणा तर नाही? शिवाय आस लागलेलं मन काहीही हुंगतं. म्हटलं, पडताळू. डोळे मिटून, नवऱ्याच्या हातात दोन कप: एकात अद्रकीचं गरम पाणी, दुसऱ्यात तेवढीच अद्रक घालून उकळलेला कोरा चहा. अदलाबदल करत पुन्हा पुन्हा विचारायचं. एकदा चुकल्या, बाकी सगळ्या वेळा चहा बरोबर ओळखला. नवऱ्यानेच कौतुकाने फोन केला. खरं सांगते, त्या दिवशी मीही दोन कप चहा प्याले.

सगळ्यांचंच असं होत नाही. काहींचा वास अर्धाच परततो, काहींचा नाही. एकाच नाकपुडीचा वास गेला, नाकातून रक्त आलं किंवा डोक्याला मार लागल्यावर वास गेला, तर सराव बाजूला ठेवून आधी डॉक्टर. या बाईंना दूध नासल्याचा वास अजून कळत नाही, ते लेक हुंगून सांगते. सिलिंडरच्या गॅसला गळती कळावी म्हणून मुद्दाम उग्र वास घातलेला असतो, तोही त्यांना भरवशाने येत नाही. म्हणून रात्री रेग्युलेटर बंद करण्याचं काम सासूबाईंनी स्वतःकडे घेतलंय.