क्लिनिकचा फोन आणि सहा-दहाचा घोळ

प्रश्न: छोट्या क्लिनिकसाठी फोनचं ग्रीटिंग आणि होल्ड मेसेज रेकॉर्ड करायचाय, सर्व्हिसेसची माहितीपण टाकायचीय. स्टुडिओत करू की घरीच? आवाज बाईचा की पुरुषाचा?

स्टुडिओवर एक रुपया घालवू नका. आमच्या वहिनीचं धरणगावला क्लिनिक आहे, फोन-हिशोब मी बघतो. दादाने हौसेने स्टुडिओत जाऊन भारदस्त आवाजात, मागे बासरी वगैरे टाकून मेसेज करून आणला. हॉलमध्ये स्पीकरवर ऐकला तेव्हा सगळे खूश. चौथ्या दिवशी सकाळी साडेसहाला एक आजी पायरीवर बसलेल्या, शुगर तपासायची म्हणून रात्रीपासून उपाशी, पहिल्या एसटीने आलेल्या. मी म्हटलं आजी, क्लिनिक दहाला उघडतं. तर म्हणे, "फोनमा त सहाच सांगं ना भाऊ!"

मी माझ्याच मोबाईलवरून फोन लावून ऐकलं, आजींचं काही चुकलं नव्हतं. साध्या फोन लाईनवर साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज जातो आणि 'स'ची सळसळ बरीचशी त्याच्या वर असते, म्हणून ती कापली जाते. मग सहा काय न दहा काय, मागचं 'हा' तेवढं कळतं. त्यात मोबाईलचं नेटवर्क बोलण्यासाठी बनवलेलं, बासरीचं ते गुळण्या केल्यासारखं करून टाकतं आणि शब्दही खराब करतं. दादा म्हणे नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे. अजूनही तेच म्हणतो!

शेवटी रिसेप्शनच्या ताईंनीच रेकॉर्ड केलं, पंखा बंद, डोक्यावर गोधडी, मोबाईल तोंडापासून वीतभर पण जरा बाजूला, म्हणजे 'प', 'फ'चा फुंकर माईकवर येत नाही. संगीत नाही. आणि वेळ आम्ही साडेनऊच करून टाकली, ती दुसरं काही ऐकूच येत नाही. ग्रीटिंग दहा सेकंदांच्या आत, क्लिनिकचं नाव आणि लगेच "इमर्जन्सी असेल तर फोन ठेवून १०८ लावा". ते शेवटी टाकू नका, दम लागलेला माणूस तोवर थांबत नाही.

सर्व्हिसेसची यादी वाचू नका हो, कोण ऐकतं. होल्डवर एका वेळी एकच आणि पेशंटच्या कामाची, "उपाशीपोटी शुगर इथेच तपासतो, पाणी चालेल, चहा नको", मग वीसेक सेकंद गप्प, मग दुसरी. मध्ये अगदी बारीक टुक वाजू द्या, नाहीतर फोन कट झाला समजून ठेवून देतात.

फाईल मोनो, ८००० हर्ट्झ वेव्ह लागते बहुतेक मशीनला, तुमचं फोनचं मशीन, म्हणजे ईपीएबीएक्स, बसवणाऱ्याला विचारून घ्या. आणि चढवल्यावर स्पीकरवर नाही, बाहेरून साध्या बटणाच्या फोनवरून ऐका, तेही घरातल्या म्हाताऱ्या माणसाला ऐकवून वेळ काय सांगितली ते विचारा.

हां, एक राहिलं. "खात्रीशीर इलाज", "नंबर वन" असलं काही बोलू नका, डॉक्टरांना जाहिरात करायला मनाई आहे, दादाच्या मेसेजमध्ये तेही होतं. आवाज बाईचा की पुरुषाचा म्हणाल तर जो माणूस नंतर फोन उचलणार त्याचाच.