जुन्या काळी सुलतानाचा निरोप हजार मैलांवर इतक्या लवकर कसा पोचायचा? एकच घोडा एवढा पळायचा का?

नाही, एका घोड्याला फार तर चार मैल धावावं लागे. मुहम्मद तुघलकाच्या काळात आलेल्या इब्न बतूता या मोरोक्कोच्या प्रवाशानं ही व्यवस्था पाहून लिहून ठेवली आहे. दर चार मैलांवर सरकारी घोडे तयार असत. स्वार बदलत्या घोड्यांवर पुढे निघे.

गंमत म्हणजे, पायी धावणारे हरकारे त्याहून वेगवान होते! त्यांची चौकी मैलाच्या तिसऱ्या हिश्श्यावर, गावाबाहेर. तिथे माणसं कंबर कसून बसलेली. धावणाऱ्याच्या एका हातात पत्र, दुसऱ्या हातात टोकाला तांब्याची घुंगरं लावलेली काठी. घुंगरं वाजली की पुढचा उठून तयार, पत्र हातात पडताच तो सुसाट. थांबून चौकशी करायला वेळच जात नसे. टप्पा छोटा, म्हणून प्रत्येक जण जीव तोडून धावू शके.

सिंधमधून दिल्लीला यायला पन्नास दिवस लागत, तिथल्या बातम्या मात्र पाच दिवसांत सुलतानाकडे. आणि आपल्या दौलताबादेत सुलतान असला की चाळीस दिवसांच्या वाटेवरून त्याच्यासाठी गंगेचं पाणीही याच डाकेनं येई.